जुन्या लादीवर नवी लादी

जुनी लादी न फोडता तिच्यावरच नवी टाईल बसवायची असं ठरलं, की घरात लगेच दोन पक्ष पडतात. एक सिमेंटवाल्यांचा, दुसरा ॲडहेसिव्हवाल्यांचा. पहिल्या पक्षात बहुधा घरातली वडीलधारी माणसं आणि ओळखीतला जुना गवंडी असतो. दुसऱ्या पक्षात टाईल्सचा दुकानदार आणि मोबाईलवर व्हिडिओ बघून आलेला एखादा भाचा. मी सिव्हिल इंजिनिअर, त्यातून बरीच वर्षं जुन्या इमारतींच्या दुरुस्तीतच काढलेली, त्यामुळे नात्यात कुणाकडे लादीचा विषय निघाला की मला पंच म्हणून बोलावणं येतं. निकाल दोन्ही पक्षांना आवडत नाही, ते सोडा. मला मात्र वाटतं की या भांडणात सगळ्यात आधी जुन्या लादीचीच साक्ष काढावी. तिचं ऐकलं की निम्मा वाद तिथेच मिटतो.

आत्याच्या डोंबिवलीच्या घरात हेच झालं. १९८६ साली बांधलेली चार मजली इमारत, लिफ्ट नाही, आत्या तिसऱ्या मजल्यावर. जमिनीला तेव्हाची मोझॅक लादी, दहा इंच बाय दहा इंच, पांढुरक्या सिमेंटमध्ये हिरव्या आणि तपकिरी खड्या. बसवल्यावर मशिन लावून घासलेली, आणि पुढे आत्याने जवळजवळ चाळीस वर्षं रोज पुसून पुसून आरशासारखी केलेली. आता ठिकठिकाणी डाग पडले होते, सांध्यांत काळं बसलं होतं, आणि आतेभावाच्या लग्नाआधी घर जरा उजळावं म्हणून दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाईड टाईल्स पसंत करून झाल्या होत्या. हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मधला बोळ धरून सुमारे ४०० चौरस फूट.

आत्याचं मत पक्कं होतं. "अगं, ही लादी सिमेंटात बसवलेली. इतक्या वर्षांत एक हलली नाही. आणि तू मला गोंदाने चिकटवायला सांगतेस?"

हा मुद्दा मोडीत काढण्यासारखा मुळीच नाही. ती लादी हलली नाही हे खरं, आणि ती सिमेंटमुळेच हलली नाही हेही खरं. पण का हलली नाही, ते समजून घ्यायला लागतं. मी तिला एक मोझॅकची सुटी लादी आणायला सांगितली; माळ्यावर तिने दोन-तीन जपून ठेवलेल्या होत्याच. ती पालथी केली, शेजारी नवी व्हिट्रिफाईड टाईल पालथी ठेवली आणि दोन्हींच्या पाठीवर चमच्याने थोडं थोडं पाणी सोडलं. मोझॅकच्या खरखरीत पाठीवरचं पाणी बघता बघता आत जिरलं आणि तिथे नुसता काळपट ओला डाग उरला. नव्या टाईलवरचा थेंब मात्र जसाच्या तसा. चहा पिऊन झाला तरी तो तिथेच होता.

सिमेंटची पकड याच जिरण्यावर चालते. सिमेंटचं पाणी लादीच्या पाठीतल्या बारीक छिद्रांत शिरतं, त्याबरोबर सिमेंटही थोडं आत जातं, तिथेच घट्ट होतं आणि लादीला आतून धरून ठेवतं. मोझॅक, शहाबादी, कोटा, जुन्या रंगीत सिमेंटच्या लाद्या, या सगळ्यांची पाठ पाणी पिते, म्हणून सिमेंटचा माल आणि त्या लाद्या यांचं पिढ्यान्‌पिढ्या जमलं. व्हिट्रिफाईड टाईल ही मुळात प्रचंड दाबाखाली दाबून साधारण १२०० अंशांवर भाजलेली. माती वितळून आतून जवळजवळ काच होते. ती पाणी शोषते ते स्वतःच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. सिमेंटला आत शिरायला जागाच नाही. पाठीवर जे उंचवटे-चौकटी असतात, त्यांत माल अडकतो खरा, पण ते अडकणं म्हणजे धरणं नव्हे.

आणि आपण इथे माल टाकणार कशावर? चाळीस वर्षं घासून गुळगुळीत केलेल्या लादीच्या चेहऱ्यावर. म्हणजे वर काचेसारखी टाईल, खाली पॉलिश केलेली मोझॅक, आणि मधे दीड इंच सिमेंटचा माल, ज्याला वर धरता येत नाही आणि खालीही धरता येत नाही. जमिनीवर असल्याने तो पडत नाही एवढंच. भिंतीवर असं केलं असतं तर संध्याकाळपर्यंत निकाल लागला असता.

अशा जमिनी काही वर्षं बऱ्या चालतात, म्हणूनच लोकांचा विश्वास बसतो. पण माल वाळताना आकसतो आणि पुढे कित्येक महिने थोडा थोडा आकसत राहतो. टाईल आकसत नाही. उलट उन्हाळ्यात किंचित वाढते. पाच मीटर लांबीच्या हॉलमध्ये तापमान वीस अंशांनी वाढलं तर टाईल्सची ओळ पाऊण मिलिमीटरच्या आसपास लांबते. ऐकायला काहीच नाही. पण खालचा थर आखडतोय, वरचा पसरतोय, टाईल्स एकमेकींना चिकटवून बिनसांध्याच्या बसवल्यात, आणि कडेला त्या थेट भिंतीला भिडल्यात. अशा वेळी पसरायला एकच दिशा उरते, वरची. मग एखाद्या दिवशी खोलीच्या मधोमध मोठा आवाज होतो आणि दोन टाईल्स एकमेकींना टेकून कडांवर उभ्या राहतात. घरातले लोक आधी भूकंप समजतात, मग बिल्डरला शिव्या देतात. त्या टाईल उचलून पाठ पाहिली तर ती बहुधा स्वच्छ असते. सिमेंटचा कणही लागलेला नसतो.

दुसरं कारण वजनाचं, आणि जुन्या इमारतीत माझ्या दृष्टीने तेच आधी येतं. सिमेंटचा माल कोरडसर कालवून अंथरायचा, पट्टीने सारखा करायचा, वर सिमेंटची स्लरी ओतायची आणि टाईल ठोकून बसवायची, ही पद्धत दीड-दोन इंच जाडीशिवाय नीट होत नाही. पाऊण इंचात उरकू म्हटलं तर माल दाबला जात नाही आणि पाणी लवकर उडून तो आत भुसभुशीत राहतो. दीड इंच म्हणजे सुमारे ४० मिलिमीटर धरले तर दर चौरस मीटरला ८० किलो माल, वर टाईलचे २० किलो. एकूण १००. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे राहत्या घराचा स्लॅब माणसं, सामान, कपाटं असल्या वापराच्या भारासाठी चौरस मीटरला साधारण २०० किलो धरून आखलेला असतो. त्यातला अर्धा भार आपण जमिनीत कायमचा गाडून टाकतो. आत्याच्या ४०० चौरस फुटांवर हा हिशेब पावणेचार टनांच्या घरात जातो. ॲडहेसिव्हचा थर पाच मिलिमीटरचा; टाईल धरून चौरस मीटरला २७-२८ किलो, म्हणजे सगळ्या घराला मिळून एक टन आणि वर थोडं.

म्हणून मी आधी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या घरी जाऊन त्यांचं छत पाहिलं. आत्याची जमीन म्हणजे त्यांचं छत. प्लॅस्टर फुगलेलं, तडे सळईच्या रेषेत गेलेले, गंजाचे तपकिरी डाग, असं काही दिसलं असतं तर मी एक किलोही वाढवू दिला नसता. आधी स्लॅबची दुरुस्ती, मग लादीचं बोलू. छत ठीक होतं. सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिटही झालेलं होतं आणि त्यात आत्याच्या बाजूला शेरा नव्हता.

मग फोडूनच का नाही टाकत, असं आतेभावाने विचारलं. तेही मोजून पाहिलं. लादी आणि खालचा माल मिळून सुमारे अडीच इंच जाडी, म्हणजे पाच टनांच्या आसपास डेब्रिज, गोण्यांत भरून तीन मजले खाली उतरवायचं. त्यात स्लॅबवर दिवसभर ब्रेकर चालणार, आणि या वयाच्या स्लॅबला ते हादरे देणं माझ्या जिवावर येतं. फोडणं काही ठिकाणी टळत नाही, पण सरसकट नको.

उंचीचा प्रश्न घरातल्यांना सगळ्यात उशिरा सुचतो, पण कामाला सुरुवात झाली की तोच पहिला आडवा येतो. सिमेंटने जमीन दोन इंच वर आली असती. म्हणजे सगळी दारं खालून दोन-दोन इंच कापायची, मुख्य दाराचा उंबरा जमिनीत बुडायचा, ओटा दोन इंचांनी ठेंगणा व्हायचा, आणि बाथरूमच्या दाराशी आत पायरी उतरायची. सत्तरीच्या बाईसाठी हे शेवटचं मला अजिबात नको होतं. ॲडहेसिव्हने जमीन जेमतेम पंधरा मिलिमीटर चढणार होती. दारं रंधून भागलं.

इथवर आत्या ऐकत होती, पण पटलेलं दिसत नव्हतं. तिचा आक्षेप होता तो गोंद या कल्पनेला. दीड इंच मालाने जे होत नाही ते एवढ्याशा थराने कसं होणार? खरं तर ॲडहेसिव्हच्या बॅगेतही मुख्यतः सिमेंट आणि बारीक चाळलेली वाळूच असते. फरक पडतो तो त्यात मिसळलेल्या दोन गोष्टींनी. एक पदार्थ पाणी धरून ठेवतो, त्यामुळे पातळ थरातलं पाणीही पटकन उडत नाही आणि सिमेंटला घट्ट व्हायला पुरेसा वेळ मिळतो. नुसत्या सिमेंटचा तीन-चार मिलिमीटरचा थर दिला तर तो आकसून तडकतो, कारण त्याला हे संरक्षण नसतं. दुसरी गोष्ट म्हणजे पॉलिमरची पूड. पाण्यात ती पुन्हा चिकट होते, वाळताना बारीक पापुद्रा धरते आणि ज्या पृष्ठभागात छिद्रं नाहीत त्यालाही चिकटते. शिवाय किंचित लवते, त्यामुळे टाईलची ती पाऊण मिलिमीटरची हालचाल सहन होते.

पण सगळ्या बॅगांत ही पूड सारखी नसते, आणि दुकानात फसगत होते ती इथे. भारतीय मानक आयएस १५४७७ मध्ये ॲडहेसिव्हचे प्रकार पाडलेले आहेत. पहिला प्रकार साध्या सिरॅमिक टाईलसाठी, त्यात पॉलिमर नावापुरतं. टाईलवर टाईल बसवायची तर निदान तिसरा प्रकार हवा. काही बॅगांवर युरोपीय पद्धतीने सी१, सी२ असं छापलेलं असतं. तिथे सी२ बघायचं, कारण त्यात पकडीची किमान अट सी१ च्या दुप्पट आहे. पुढे ई हे अक्षर असेल तर पसरलेला थर जास्त वेळ ओला राहतो, साधारण अर्धा तास. आपल्या उकाड्यात तेवढा वेळ लागतोच. दुकानदार "हे सगळ्याला चालतं" म्हणाला की बॅग उलटी करून आपण वाचावं. भिडेखातर घेऊ नये.

आता साक्ष. ॲडहेसिव्ह पातळ असतं, म्हणजे ते स्वतः काहीच सावरून घेत नाही. खालची लादी पोकळ असेल तर नवी टाईलही पोकळच. खाली खड्डा असेल तर वरही खड्डा. नवी जमीन जुनीच्या भरवशावर उभी राहणार, तेव्हा जुनी भरवशाची आहे का ते बघणं हाच खरा निर्णय.

आम्ही सामान हलवून हातोडीच्या लाकडी दांड्याने लादी न लादी वाजवली. पक्की बसलेली लादी बद्द, भरीव आवाज देते. सुटलेली पोकळ, डबक्यासारखी वाजते. पोकळ निघेल तिच्यावर खडूने फुली. आतेभावाला हे काम फारच आवडलं. हॉलमध्ये फुल्या तुरळक निघाल्या, मोठ्या खोलीत एक-दोनच. स्वयंपाकघरात सिंकजवळचा पट्टा पोकळ होता, तिथे वर्षानुवर्षं पाणी मुरलेलं. धाकट्या खोलीत मात्र खिडकीकडची जवळजवळ अर्धी जमीन फुल्यांनी भरली.

मग दोन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी जमिनीवर टेकवून खालची फट पाहत गेलो. हॉलमध्ये कुठे तीन, कुठे चार मिलिमीटर. तेवढं ॲडहेसिव्ह सांभाळतं. धाकट्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यात फट अठरा मिलिमीटर. मिस्त्री म्हणाला, "मॅडम, काही टेन्शन नाही, तिथे ॲडहेसिव्ह जाड मारतो." हे करू द्यायचं नाही. जाड थर दिला की तो वाळताना बसतो, टाईलचा कोपरा दुसऱ्या दिवशी खाली गेलेला दिसतो, आणि बॅगेचा खर्च दुप्पट होतो तो वेगळाच.

तिसरी पाहणी पाण्याची. चाळीस वर्षांच्या पुसण्याबरोबर कधीतरी मेणाचं पॉलिशही झालेलं असतं, स्वयंपाकघरात तेलाचे हात लागलेले असतात. जमिनीवर ठिकठिकाणी पाण्याचे थेंब टाकून बघितलं. बहुतेक जागी ते मोत्यासारखे उभे राहिले. असल्या पृष्ठभागावर ॲडहेसिव्ह मेणाला चिकटेल, लादीला नाही. म्हणून जाड दाण्याचा दगड लावलेलं घासायचं मशिन सगळीकडे फिरवलं, चकाकी पूर्ण मारली, धूळ व्हॅक्यूमने ओढली आणि ओल्या फडक्याने पुसून घेतली. पुन्हा थेंब टाकला तर हळूहळू जिरायला लागला. तेव्हा कुठे जमीन तयार झाली. चकचकीत सिरॅमिक लादी असती तर एवढ्यावर भागलं नसतं; वरून खरखरीत दाण्याचा प्रायमर द्यावा लागला असता.

एवढं कळल्यावर निर्णय खोलीगणिक वेगळा झाला, आणि दोन्ही पक्षांना इथेच राग आला. हॉल, मोठी खोली, बोळ: फुल्यांच्या लाद्या काढून ते खड्डे पॉलिमर घातलेल्या मालाने भरायचे आणि ॲडहेसिव्हनेच टाईल. स्वयंपाकघरातही तेच, फक्त सिंकजवळचा पट्टा काढून आधी गळकी जोडणी दुरुस्त. आणि धाकटी खोली पूर्ण फोडायची, सिमेंटच्या मालाचा नवा थर घालून पातळी करायची, त्याला आठवडाभर पाणी मारायचं, वाळू द्यायचा आणि मग त्यावर टाईल ॲडहेसिव्हनेच.

"म्हणजे दोन्हीचा खर्च," आत्या म्हणाली.

त्या एका खोलीत, हो. पण सिमेंटचा माल हा पातळी करण्यासाठी उत्तम आहे आणि व्हिट्रिफाईड टाईल चिकटवण्यासाठी कच्चा. ॲडहेसिव्ह चिकटवण्यासाठी उत्तम आणि पातळी करण्यासाठी निकामी. मी पाहिलेली बहुतेक बिघडलेली कामं एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेतल्याने बिघडली होती. शिवाय नवा थर ओला असताना त्यावर लगेच स्लरी ओतून टाईल ठोकली की मालाचं सुरुवातीचं आकसणं थेट टाईलच्या माथी येतं. थर आधी आकसून मोकळा झाला, मग टाईल बसली, तर ते भांडणच उरत नाही. फोडलेल्या खोलीत वजनही फारसं वाढत नाही, कारण जेवढं आत आलं जवळजवळ तेवढंच बाहेर गेलेलं असतं.

बॅगा किती, यावर दुकानात थोडी झकाझकी झाली. दुकानदाराचा हिशेब एका २० किलोच्या बॅगेत पन्नास चौरस फूट, म्हणजे आठ बॅगा. कागदावर तो चूक नाही, पण तो तीन मिलिमीटर थराचा आहे. दोन फुटी टाईलला जुन्या, थोड्या वरखाली जमिनीवर पाच मिलिमीटर तरी लागतात, आणि मग बॅगेत तीस चौरस फूटही होत नाहीत. मी चौदा बॅगा धरल्या. हा फरक महत्त्वाचा अशासाठी, की आठच बॅगा आणल्या तर अर्ध्या घरात मिस्त्रीच्या लक्षात येतं की माल पुरत नाही, आणि तो मुकाट्याने त्यात सिमेंट मिसळायला लागतो. आमचा मिस्त्रीही पहिल्या सकाळी सिमेंटची बॅग जवळ घेऊन बसला होता. "थोडं सिमेंट मिळवलं की पकड वाढते," हे त्याचं शास्त्र. पकड वाढत नाही, पॉलिमरचं प्रमाण घटतं, आणि आपण पैसे देऊन घेतलेलं ॲडहेसिव्ह पुन्हा साधं सिमेंट होतं. बॅग खाली पाठवून दिली.

बसवतानाच्या तीन गोष्टींवर मी उभी राहून लक्ष ठेवलं. बाकी त्याचा हात चांगला होता, टाईल कापण्यात तर माझ्यापेक्षा दहापट.

पहिली गोष्ट कालवण्याची. बादलीत आधी पाणी, मग पूड. बॅगेवर लिहिलेल्या प्रमाणात, डोळ्याच्या अंदाजाने नाही. ड्रिलला पाते लावून ढवळायचं, पाच मिनिटं तसंच ठेवायचं, पुन्हा ढवळायचं. त्या पाच मिनिटांत पॉलिमर विरघळतं. नंतर माल घट्ट होऊ लागला की वरून पाणी घालून सैल करायचा मोह होतो, तो आवरायचा. घट्ट झालेला माल टाकून द्यायचा. म्हणून एका वेळी अर्धीच बॅग कालवायला सांगितली.

दुसरी गोष्ट टाईलच्या पाठीची. बोट फिरवलं तर बोटाला पांढरी पूड लागते. भट्टीत टाईल रुळांना चिकटू नये म्हणून कारखान्यात पाठीला ती लावलेली असते. न पुसता बसवली तर ॲडहेसिव्ह त्या पुडीला धरतं आणि पूड कुणालाच धरत नाही. प्रत्येक टाईल ओल्या स्पंजने पुसून घ्यायची, भिजत मात्र घालायची नाही. भिजवण्याची सवय गवंड्यांना सिरॅमिकच्या दिवसांपासून लागलेली आहे. इथे तिचा काही उपयोग नाही, उलट पाठीवर पाण्याचा थर राहतो.

तिसरी आणि सगळ्यात मोठी गोष्ट पसरण्याची. मिस्त्रीची मूळ पद्धत लाडवांची: टाईलच्या चार कोपऱ्यांना आणि मधे एक एक गोळा ठेवायचा आणि दाबून पातळी करायची. काम झपाट्याने होतं, पातळीही सुरेख येते, पण गोळ्यांच्या मधल्या जागेत नुसती हवा. पुढे तिथे कपाटाचा पाय आला किंवा वरून खलबत्ता निसटला की टाईल नेमकी तिथेच फुटते. त्याऐवजी दातेरी थापी वापरायची. दोन फुटी टाईलला दहा किंवा बारा मिलिमीटरचे दात. आधी थापीच्या सपाट बाजूने जमिनीवर पातळ हात घासून द्यायचा, मग माल टाकून दातांनी विंचरल्यासारख्या सरळ, एकाच दिशेच्या रेघा ओढायच्या. गोल गोल काढल्या तर मधे हवा कोंडते. टाईलच्या पाठीलाही पातळ हात द्यायचा, आणि टाईल टेकवून रेघांना आडवी, पुढेमागे सरकवत दाबायची, म्हणजे रेघा कोलमडून एकमेकींत मिसळतात.

झालं की नाही हे कळायला एकच मार्ग आहे: नुकतीच बसवलेली टाईल उचलून बघणं. मिस्त्रीला हे अपमानास्पद वाटतं, आणि मला ते समजतं. तरी पहिल्याच ओळीतली एक उचलायला लावली. ती सुटताना मालाने चांगलाच चीं करून विरोध केला, हे चांगलं लक्षण. पाठ जवळजवळ पूर्ण राखाडी, एका कोपऱ्यात मात्र रेघा उभ्याच. त्याने न बोलता तिथे माल वाढवला. दुपारनंतर पंख्याच्या झोताखालची एक उचलली तर रेघा तशाच उभ्या आणि टाईलची पाठ कोरी. पसरून ठेवलेल्या मालावर साय धरली होती. तिथे तो चहाला गेला होता. वरून ठीकठाक दिसणारी ती टाईल सहा महिन्यांत वाजायला लागली असती. तेव्हापासून पंखा बंद, आणि एका वेळी दोनच टाईलपुरता माल. साय धरली का ते बोट लावून कळतं: बोटाला माल लागला तर चालेल, नाही लागला तर खरवडून टाकायचा. कोरड्या खोलीत पाठीचा निदान ऐंशी टक्के भाग भरलेला हवा. ओल्या जागी पंच्याण्णव.

सांध्यांवरून आतेभावाशी वाद झाला. त्याला बिनसांध्याची, एकसंध दिसणारी जमीन हवी होती. मी दोन मिलिमीटरवर अडून बसले, आणि कडेने भिंतीपासून सहा मिलिमीटर मोकळे सोडले, तिथे माल भरू दिला नाही. ती फट स्कर्टिंगखाली झाकली जाते. वर सांगितलेली पाऊण मिलिमीटरची वाढ जायला तीच जागा. सांधे भरायला मी दोन दिवस थांबवलं, कारण वरची टाईल पाणी पीत नाही, खालची लादी थोडंच पिते, आणि मधला थर नेहमीपेक्षा सावकाश वाळतो. दोन्ही बाजू चकचकीत असल्या तर आणखी थांबावं. कपाटं त्यानंतर आठवड्याने आत आली.

बाथरूम आणि बाल्कनी या हिशेबात मी घेतल्याच नाहीत. आत्याच्या बाथरूममधून खाली किंचित ओल उतरत होती, आणि वरून टाईल चिकटवून गळती थांबत नाही, फक्त काही दिवस दिसत नाही. ते काम फोडून, पाइप बदलून, वॉटरप्रूफिंग करूनच व्हायला हवं. बाल्कनी एका बाजूने अधांतरी, तिच्यावर चाळीस वर्षांचा पाऊस, आणि उतार आधीच आतल्या बाजूला झुकलेला. तिथे जुनं काढून हलकं करायचं आणि बाहेरच्या बाजूला नवा उतार द्यायचा, असं सांगून ठेवलंय. आत्या म्हणते, लग्न होऊन जाऊ दे, मग बघू. तोवर तिथे जुनीच मोझॅक आहे, आणि हॉलमधून बाल्कनीत जाताना पंधरा मिलिमीटरची कड लागते. तिला एक ॲल्युमिनियमची पट्टी मारून दिली आहे, कारण पाहुण्यांत म्हातारी माणसं बरीच येणार आहेत.